चिठ्ठीची भिशी की बोलीची? आधी बुडव्या हप्त्याचं ठरवा

आमच्या इमारतीत भिशीची वही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. दोन वर्षं चिठ्ठीची भिशी चालवली, मग एक वर्ष बोलीची. नवीन भिशी सुरू करणारे शेजारी विचारतात, "कुठली परवडते?" परवडण्याचा हिशेब सोपा आहे, तो खाली देते. पण निवड त्यावर करू नका. एखाद्याने भिशी उचलून हप्ते थांबवले, तर खड्डा कुणाच्या ताटात पडणार, यावर करा.

आमचाच आकडा घेऊ. बारा घरं, दरमहा 5,000, म्हणजे भिशी 60,000 ची.

चिठ्ठीत बारा नावं डब्यात टाकायची, कुणाच्या तरी लेकराने एक उचलायची. ज्याची निघेल त्याला पूर्ण साठ हजार. वर्षभरात प्रत्येक जण साठ भरतो, साठच घेतो. पहिल्याला बिनव्याजी उसने मिळतात, शेवटच्याने बिनव्याजी उसने दिलेले असतात, आणि कोण पहिला ते नशीब ठरवतं.

बोलीत ज्याला गरज आहे तो सांगतो, मी इतके सोडतो. सगळ्यात जास्त सोडेल त्याची भिशी, आणि सोडलेले पैसे बारा जणांत वाटले जातात. आमच्याकडे पहिल्या महिन्यात 12,000 सुटले. उचलणाऱ्याला 48,000 मिळाले आणि प्रत्येकाचा हप्ता हजाराने कमी होऊन 4,000 झाला. पुढे महिन्यागणिक बोली बाराशेने उतरत गेली, शेवटच्या दोन महिन्यांत कुणी काही सोडलं नाही. (बोली इतकी शिस्तीत उतरत नसते. हिशेबासाठी मी आकडे सरळ करून घेतले आहेत.) वर्षभरात एकूण 66,000 सुटले, म्हणजे माणशी 5,500. प्रत्येकाचा भरणा झाला 54,500.

| भिशी कधी उचलली | चिठ्ठी: हातात | बोली: हातात | बोली: नफा-तोटा |
|---|---|---|---|
| पहिला महिना | 60,000 | 48,000 | 6,500 तोटा |
| सातवा महिना | 60,000 | 55,200 | 700 नफा |
| बारावा महिना | 60,000 | 60,000 | 5,500 नफा |

साडेसहा हजार ऐकायला थोडे वाटतात. पण पहिल्याच्या हातात खरे किती आले? 48,000 तून त्याच दिवशी स्वतःचा 4,000 चा हप्ता गेला, राहिले 44,000. ते त्याने पुढच्या अकरा महिन्यांत 50,500 करून फेडले. हे व्याज महिन्याला साधारण 2.3 टक्के पडतं. घरात दागिना असेल तर बँकेतलं सोनेतारण याहून बरंच स्वस्त. उलट बाजूने शेवटच्याला महिन्याला 1.8 टक्क्यांच्या आसपास सुटतात, जे बँकेची आवर्त ठेव देत नाही. म्हणून ज्यांना घाई नाही त्यांना बोली गोड लागते.

आता त्या गोडीची दुसरी बाजू. चिठ्ठीत पहिला नंबर कुणाचाही लागू शकतो, त्यात खाऊन-पिऊन सुखी माणूसही येतो. बोलीत पहिल्या महिन्यात बारा हजार कोण सोडेल? जो सगळ्यात जास्त अडला आहे तोच. म्हणजे ज्याचे पुढचे हप्ते चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यालाच आपण सगळ्यात आधी पैसे देतो, आणि अकरा महिने त्याच्या भरवशावर राहतो. तो माणूस लबाड असतो असं नाही. अडचण आधीपासून असते, भिशीने ती फक्त काही महिने पुढे ढकललेली असते.

आमच्याकडे तेच झालं. पहिली भिशी उचललेल्या काकांनी चार हप्ते वेळेवर दिले, 16,600 रुपये. पाचव्या महिन्यात त्यांचं काम सुटलं. त्या महिन्याची भिशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी 7,200 सोडून घेतली होती, मुलीच्या फीसाठी. त्यांना 52,800 मिळायला हवे होते. एक हप्ता 4,400 चा आला नाही, हातात पडले 48,400. जिन्यात उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "ताई, बोली मी लावली, पण काकांचा हप्ता मी का भरायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वहीत त्याबद्दल एक ओळही नव्हती.

त्या रात्री बसून तीन वाटा मांडल्या. पहिली, ज्या महिन्यात खड्डा पडेल त्या महिन्याच्या उचलणाऱ्याने तो सोसायचा. मग बाराव्या महिन्यातल्या माणसाचा 5,500 चा नफा थेट पाचशेवर येतो. दुसरी, सगळ्या अकरा जणांनी वाटून घ्यायचा. आठ महिन्यांचे मिळून 37,900 होतात, माणशी साधारण 3,445. हे मला सगळ्यात न्याय्य वाटलं. पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या महिन्यात उचलून मोकळे झालेले म्हणाले, "आम्ही आमचे हप्ते भरतोय ना?" नियम आधी न ठरवल्याची किंमत हीच. पैसे घेऊन झालेला माणूस नंतर नवा नियम मान्य करत नाही. तिसरी वाट, भिशी चालवणारीने भरायचं. ही जुनी रीत आहे आणि तिच्यात अर्थ आहे. अनेक ठिकाणी पहिली भिशी बिनचिठ्ठीची, पूर्ण रकमेची, चालवणारीला देतात, ती याच जोखमीच्या बदल्यात. मी पहिली भिशी घेतली नव्हती, म्हणून मी भरले नाहीत. घेतली असती तर भरावे लागले असते, आणि ते बरोबरच होतं.

शेवटी काकांच्या मुलाने दोन हजारांच्या तुकड्यांत पैसे फेडले, वर्ष संपून गेल्यावर.

चिठ्ठी आणि बोली सोडून तिसरा पर्याय म्हणजे नोंदणी केलेली चिटफंड कंपनी. तिथे एकाचा हप्ता चुकला तरी बाकीच्यांना भिशीची रक्कम देणं चालकावर बंधनकारक असतं. सुरू करण्याआधी त्याला एका भिशीएवढी अनामत ठेवावी लागते, उचलणाऱ्याकडून तारण घ्यावं लागतं, आणि भांडण झालं तर ते निबंधकाकडे जातं. याची किंमत म्हणजे चालकाचं कमिशन. 1982 च्या चिटफंड कायद्यात ते जास्तीत जास्त 5 टक्के होतं, 2019 च्या दुरुस्तीने 7 टक्के झालं. आमच्या भिशीला 7 टक्के लावले तर दरमहा 4,200, वर्षाला 50,400. म्हणजे सुटलेल्या 66,000 पैकी वाटायला उरले असते 15,600. बारा ओळखीच्या घरांना हे महाग आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या चाळीस जणांना मात्र मला ते स्वस्तच वाटतं.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. त्या कायद्यातली चिटची व्याख्या नावावर अडत नाही. ठरावीक माणसं, ठरावीक मुदतीचे हप्ते, आणि चिठ्ठीने किंवा लिलावाने पाळीपाळीने रक्कम, एवढं जुळलं की चिट. त्यासाठी आधी परवानगी आणि नोंदणी लागते. घरगुती भिशा नोंदणी करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आपला करार स्टॅम्प पेपरवर केला तरी तो नोंदणीकृत चिट होत नाही. आता त्या पेपरला शंभराऐवजी पाचशे मोजावे लागतात, एवढंच. निबंधकाचं दार आपल्याला उघडं नसतं, आणि कोर्टात गेलात तर समोरचा वकील पहिला मुद्दा नोंदणीचाच काढू शकतो. म्हणून घरगुती करार हा कोर्टात जिंकण्यासाठी नाही, जिन्यातलं भांडण टाळण्यासाठी लिहायचा. भिशी लागली की पुढचे हप्ते माफ, असली योजना कुणी आणली तर तिच्यात शिरूच नका. तसल्या प्राइझ चिटवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे.

नंतरच्या वर्षी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर जे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ते असं:

"बोली दर महिन्याच्या 5 तारखेला. कोणीही 6,000 पेक्षा जास्त सोडायचे नाहीत. दोघे 6,000 वर आले तर चिठ्ठी. हप्ता 10 तारखेपर्यंत थेट त्या महिन्याच्या उचलणाऱ्याच्या खात्यात. उशीर झाल्यास दिवसाला 50 रुपये, तेही त्यालाच.

उचललेल्या सभासदाचा हप्ता चुकला तर त्या महिन्याचा वाटा त्याला नाही, तो पूर्ण 5,000 चा देणेकरी. खड्डा उरलेल्या अकरा जणांनी, उचललेल्या आणि न उचललेल्या, सारखा वाटून त्याच आठवड्यात भरायचा. वसुली झाली की तसाच परत वाटायचा.

न उचललेल्या सभासदाने भरणे थांबवले तर तो बदली माणूस देईल. न दिल्यास त्याने प्रत्यक्ष भरलेली रक्कम शेवटच्या महिन्यानंतर परत, वाटा नाही."

शेवटचं कलम लोक विसरतात. न उचललेला माणूस थांबला तर त्याचे पैसे आपल्याकडे असतात, आपले त्याच्याकडे नाहीत. त्याला बुडव्या म्हणून वागवू नये, पण मधेच रोख परतही देऊ नये, कारण ती रक्कम आधीच कुणीतरी उचललेली असते.

6,000 ची मर्यादा घातल्यावर बोलीचा नफा आटला, आणि दोन घरं "मग मजा काय" म्हणून बाहेर पडली. त्यांना जाऊ दिलं. मर्यादेमुळे पहिल्या दोन महिन्यांत चार-चार जण 6,000 वर येऊन थांबले, चिठ्ठी टाकावी लागली, आणि आपोआप अर्धी चिठ्ठी, अर्धी बोली अशी भिशी तयार झाली. सगळ्यात अडलेला माणूसच पहिला, असं मग राहिलं नाही.

जामिनाची रीतही तेव्हाच बसली. उचलणाऱ्याने उरलेल्या सगळ्या हप्त्यांची वचनचिठ्ठी द्यायची आणि एक जामीन द्यायचा. जामीन बाहेरचा नाही, अजून भिशी न उचललेल्यांपैकी. हप्ता चुकला तर वाटणीआधी जामिनाला विचारायचं, आणि त्याने न दिल्यास त्याची स्वतःची भिशी लागेल तेव्हा त्यातून वळता करायचा. शेवटच्या महिन्यांत असा जामीन मिळत नाही हे खरं, पण तोवर बुडण्यासारखे हप्तेही एक-दोनच उरलेले असतात. या नियमाचा मला न दिसलेला परिणाम असा झाला की जामीन राहायला कुणी तयार नसेल तर माणूस बोलीच लावत नाही. मागच्या खेपेला एका घराने दोन महिने जामीन शोधला, मिळाला नाही, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी बांगड्या तारण ठेवून काम भागवलं. हप्ते मात्र बाराही महिने वेळेवर दिले.