लाइफ कोच निवडायचाय? सांगलीतले दोन पर्याय शेजारी ठेवून पाहिले

माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे. मार्केट यार्डातली काकांची हळदीची अडत पुढं चालवायची की पुण्यातच राहायचं, हा प्रश्न त्याला वर्षभर सुटत नव्हता. घरात विषय निघाला की वाद व्हायचा. शेवटी त्यानं लाइफ कोच घ्यायचं ठरवलं आणि दोन नावं माझ्यापुढं ठेवली. "ताई, तू कुपवाडच्या कंपनीत एचआर बघतेस, तुला कळेल यातलं." आमच्याकडं मॅनेजर लोकांसाठी कोच नेमतात, त्यामुळं कागद कसे तपासायचे ते मला माहीत होतं. ते इथं लिहिते, कारण सांगली-मिरजेत आता अशा पाट्या बऱ्याच दिसतात.

पहिले गृहस्थ विश्रामबागेतले. कार्डावर 'इंटरनॅशनल सर्टिफाइड लाइफ कोच', तीन महिन्यांचं पॅकेज 35,000 रुपये, सगळे आगाऊ, आणि रविवारपर्यंत नोंदवलं तर 5,000 ची सूट. दुसऱ्या बाई पुण्याच्या, व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या. नावापुढं पीसीसी, म्हणजे कोचिंगच्या एका प्रमाणपत्राची अक्षरं, एका तासाचे 4,000 रुपये, पैसे सेशननंतर. सहा सेशन धरली तर 24,000.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. 'लाइफ कोच' ही पाटी आपल्याकडं कुणीही लावू शकतो आणि त्यात काही बेकायदेशीर नाही. वकील व्हायला बार कौन्सिलची सनद लागते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडं असावी लागते. कोचसाठी असा कायदाच नाही, त्यामुळं सरकारी नोंदवहीही नाही. याचं कारण कामाच्या स्वरूपात आहे. कोच रोगाचं निदान करत नाही, औषध देत नाही, कोर्टात तुमची बाजू मांडत नाही. तो प्रश्न विचारतो आणि तुम्ही तुमचं ठरवता. त्यासाठी किमान शिक्षण कोणतं, काम कुठं सुरू होतं नि कुठं संपतं, यावर सगळ्यांचं एकमत असेल असा अभ्यासक्रमही नाही. हद्दच आखलेली नसली की परवाना कशाचा द्यायचा? ती पोकळी खासगी संस्थांनी भरली आहे. त्यातली सगळ्यांत जास्त मानली जाणारी म्हणजे 1995 साली अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ.

आता कागद. विश्रामबागच्या गृहस्थांकडं मागितल्यावर त्यांनी दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट दाखवलं. दिवसाचे आठ तास धरले तरी झाले सोळा. 'इंटरनॅशनल' एवढ्यासाठीच, की शिबिर घेणाऱ्या संस्थेचा पत्ता परदेशातला होता. परीक्षा नव्हती, कुणी त्यांचं काम ऐकून तपासलं नव्हतं. हे हजेरीचं सर्टिफिकेट झालं.

पुण्याच्या बाईंचं पीसीसी हे आयसीएफच्या क्रेडेन्शियलच्या, म्हणजे कोचला तपासून दिलेल्या प्रमाणपत्राच्या, तीन पायऱ्यांमधलं मधलं. खालच्या एसीसीला किमान 60 तासांचं शिक्षण आणि लोकांबरोबर 100 तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. पीसीसीला 125 तासांचं शिक्षण आणि 500 तास कोचिंग, त्यातले 450 तास मोबदला घेऊन केलेले. आठवड्याला दहा तास काम मिळालं तरी 500 तास भरायला जवळजवळ वर्ष जातं. शिवाय अनुभवी कोचच्या हाताखाली 10 तास मार्गदर्शन घ्यावं लागतं, प्रत्यक्ष सेशन कसं घेता हे तपासलं जातं आणि लेखी परीक्षा असते. सगळ्यांत वरचं एमसीसी 2,500 तासांचं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळं जुन्या कार्डावरची अक्षरं आज लागू असतीलच असं नाही.

गोंधळ नेमका या अक्षरांच्या आसपास होतो. कुणी लिहितं 'आयसीएफ मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण'. तिथं मान्यता कोर्सला असते, माणसाला नाही. कुणी लिहितं 'आयसीएफ मेंबर'. ते सभासदत्व झालं, वरच्या तपासणीतून गेल्याचा पुरावा नाही. म्हणून एकच प्रश्न विचारावा: तुमचं स्वतःचं क्रेडेन्शियल कोणतं आणि ते कधीपर्यंत चालू आहे? उत्तर मिळालं की coachingfederation.org वर नाव टाकून ताडून बघता येतं. बाईंचं नाव तिथं सापडलं. गृहस्थांचं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

काका हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. कागदाचं काय सांगताय?" त्यांचं बरोबर होतं. पीसीसीनं एवढंच कळतं की या व्यक्तीनं पुष्कळ तास काम केलंय आणि ते जाणकारांनी तपासलंय. तिला अडतीचा धंदा कळतो, किंवा आपलं तिच्याशी जमेल, हे त्यात कुठंच नाही. आयसीएफची ताकदही मर्यादित आहे. तिच्या आचारसंहितेनं बांधलेल्या कोचविरुद्ध तक्रार करता येते, फार तर ती क्रेडेन्शियल किंवा सभासदत्व काढून घेईल. अक्षरं नसलेला आणि सभासदही नसलेला कोच तिच्या हाताबाहेरच राहतो, मग तो चांगला असो वा वाईट.

म्हणून भावाला सांगितलं, दोघांशी अर्धा-अर्धा तास बोल. पहिलं बोलणं बहुतेक कोच फुकट करतात. दोघांना हेही सांग की चार महिने झोप लागत नाही आणि जेवणावरची इच्छा गेलीय. हे खरंच होतं, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच होती.

विश्रामबागचे गृहस्थ म्हणाले, झोपेचं काय, माइंडसेट बदलला की सगळं मार्गी लागेल, तिसऱ्या आठवड्यात फरक दिसेल. मग अर्ध्या तासातली वीस मिनिटं स्वतःची कहाणी सांगितली. अडत घ्यायची की नाही याचा सल्लाही देऊन टाकला: "घ्याच." पुण्याच्या बाईंनी झोपेवरच थांबून आणखी विचारलं आणि म्हणाल्या, आधी डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा, हे माझ्या कामाच्या हद्दीतलं नाही. त्यानंतर यायचं वाटलं तर या. कराराचा मसुदाही पाठवला. त्यात सेशन किती, रद्द केलं तर पैशांचं काय, बोलणं कुणाला सांगितलं जाणार नाही आणि कोणत्या वेळी सांगावं लागेल, हे सगळं होतं.

माझ्या मते निवड इथंच झाली. निकालाची हमी देणारा आणि हद्द न ओळखणारा कोच कितीही स्वस्त असला तरी नको. गृहस्थांकडं पीसीसी असतं आणि त्यांनी हेच उत्तर दिलं असतं, तरी मी नकोच म्हटलं असतं. उलट एखाद्या कोचकडं अक्षरं नाहीत, पण तो करार देतो, हद्द सांगतो आणि पैसे सेशनगणिक घेतो, तर त्याचा विचार जरूर करावा. पावती मात्र दोन्हीकडं घ्यायचीच. पैसे देऊन घेतलेली सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि आगाऊ भरलेल्या पॅकेजचे पैसे अडकले तर जिल्हा ग्राहक आयोगापुढं पावतीच लागते.

भाऊ आधी मिरजेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं गेला, पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बघून. दोन महिन्यांनी झोप सुधारली, तेव्हा त्यानं पुण्याच्या बाईंची तीन सेशन घेतली, 12,000 रुपयांत. अडतीबद्दल त्यांनी एकदाही मत दिलं नाही. पावसाळा संपेपर्यंत शनिवार-रविवार सौद्याला बसायचं आणि मग ठरवायचं, असं त्यानंच काकांना सांगितलं. सध्या तो शनिवारी सकाळी यार्डात असतो.