फोटोतील धामण आणि नाग

फणा दिसत नाही म्हणून फोटोतील साप धामण ठरत नाही, कारण शांत नागाच्या मानेच्या बरगड्या मिटलेल्या असतात आणि मान सरळच दिसते. चिडलेली धामणही मान फुगवते. मात्र तिची मान उभी, दोन्ही बाजूंनी चपटी होते, तर नागाची आडवी पसरते.

अंगाच्या रंगापेक्षा डोक्याचे खवले पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. बाजूने काढलेल्या स्पष्ट फोटोत वरच्या ओठाचा तिसरा मोठा खवला डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्याला थेट भिडलेला दिसला, तर तो नाग. धामणीत त्या दोहोंमध्ये वेगळे छोटे खवले असतात आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा दिसतात. फोटो धूसर असल्यास सापाला नागच समजून दूर राहावे.