माहुलीच्या पावसात सॅक कोरडी राहावी म्हणून: रेनकव्हर, आतली पिशवी की ड्राय बॅग?

ठाण्याहून सकाळची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरायचे, माहुली किल्ला गाठायचा आणि संध्याकाळी त्याच लोकलने परत यायचे, असा बेत पावसाळ्यात आखला की सामानाची निवड दोन गोष्टींवर ठरते. दिवसभर ओले राहणारच, हे आधी मान्य करावे लागते. आणि सुके कपडे गाडीत ठेवण्याची सोय नसल्याने ते पाठीवर वाहून न्यावेच लागतात.

बहुतेक जण सॅकबरोबर मिळालेल्या रेनकव्हरवर विसंबतात. त्याचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच असते आणि सपाट वाटेवरच्या सरळ पावसात ते काम चोख करते. मात्र ते सॅकची बाहेरची बाजू झाकते. पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. मानेवरून आणि खांद्यांच्या पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी पाठीच्या फोममध्ये मुरते, तिथल्या शिलाईतून आत झिरपते आणि तळाशी साचते. कव्हर वरून कोरडे ठणठणीत दिसत असताना तळाला ठेवलेला टी-शर्ट चिंब निघतो, याचे कारण हेच. शिवाय माथ्याजवळच्या लोखंडी शिडीवर किंवा करवंदीच्या जाळीत कव्हर अडकते, आणि वारा आत शिरला की ते फुगून निघू पाहते.

दुसरा पर्याय म्हणजे सॅकच्या आत एकच मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी उभी करून सगळे सामान त्यात भरणे. सॅक भिजली तरी सामान भिजत नाही, कारण पाणी कोणत्या बाजूने आले याला महत्त्वच उरत नाही. पिशवीचे तोंड नुसते गाठ मारून बांधू नये. हवा काढून पीळ द्यावा, तो पीळ दुमडावा आणि त्यावर रबर लावावे. तिची उणीव अशी की डबा काढण्यासाठी पावसातच तोंड उघडावे लागते, आणि एक टोकदार वस्तू पुरेशी ठरते. माझ्या पिशवीला टॉर्चच्या क्लिपने भोक पडले होते आणि ते घरी येईपर्यंत लक्षात आले नव्हते.

तिसरा पर्याय ड्राय बॅगचा, म्हणजे तोंड वळकटून बंद करायच्या, पाणी आत न घेणाऱ्या पिशवीचा. जाड ताडपत्रीसारख्या कापडाची बॅग मजबूत असते, पण ती जड आणि ताठ असल्याने तीस लिटरच्या सॅकमध्ये नीट बसत नाही. ती नावेत किंवा मोटरसायकलवर शोभते. चालण्यासाठी पातळ नायलॉनची दहा लिटरची बॅग पुरते. ती गळ्यापर्यंत भरू नये, कारण तोंडाच्या किमान तीन घट्ट वळकट्या झाल्या नाहीत तर पाणी आत येते. विकत घेतल्यावर आणि पुढे दर पावसाळ्याच्या आरंभी तिच्यात हवा कोंडून, तोंड वळकटून, ती बादलीतल्या पाण्यात दाबून पाहावी. शिलाईपाशी बुडबुड्यांची रेघ निघाली, तर आतला लेप किंवा शिलाईवरची पट्टी सुटलेली असते.

माझ्या मते एका दिवसाच्या माहुलीसाठी आत जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या आत सुक्या कपड्यांची एक पातळ ड्राय बॅग, ही जोडी सर्वांत भरवशाची आहे. रेनकव्हर घरी ठेवले तरी चालते. मोबाइल, पैसे आणि टॉर्च मात्र वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत वरच ठेवावेत, म्हणजे मोठी पिशवी वाटेत उघडावी लागत नाही.

सुके कपडे किती घ्यावेत, यावर मी काटेकोर आहे. परतीच्या लोकलसाठी एक टी-शर्ट, एक पातळ पँट, अंतर्वस्त्रे, मोजे आणि पंचा, एवढेच. आणि ते आसनगाव येईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. माथ्यावर ‘जरा बरे वाटावे’ म्हणून बदललेला शर्ट दहा मिनिटांत ओला होतो आणि परतीला काही उरत नाही. याला अपवाद एकच: वाऱ्यात कोणाला न थांबणारी थंडी भरली, बोटे गाठ सोडवेनाशी झाली, तर आडोसा पाहून ओले कपडे उतरवून सुके लगेच चढवावेत, वरून रेनकोट घालावा आणि खाली उतरायला लागावे.

वजन वाचवायचे असेल तर ते अंगावरच्या कपड्यांतच वाचते. जीन्स पाणी धरून ठेवते, गुडघ्याला चिकटते आणि पिळली तरी दिवसभर ओलीच राहते. पॉलिस्टरची ट्रॅकपँट झटकली की बरीच हलकी होते. घरी जीन्स कोरडी आणि भिजवून पिळलेली अशी दोनदा वजनकाट्यावर ठेवून पाहिली, तर शंका उरत नाही. पाण्याचे ओझे मात्र कमी करू नये. पाऊस असला तरी उकाड्यात घाम येतोच, म्हणून दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो, गृहीत धरावे. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीबाहेर, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात असाव्यात, कारण सैल झाकणाची बाटली आतूनच सगळे भिजवते.