रोइंग मशीन, दोरी की बॅडमिंटन: नाडी बघून व्यायाम करायचा असेल तर

मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके थेट मोजत नाही. त्यातला हिरवा प्रकाश कातडीखालचं रक्त प्रत्येक ठोक्याला किती कमीजास्त होतं ते टिपतो. हात हलला की तेच रक्त हिंदकळतं, आणि घड्याळाला ठोका कुठला नि हिंदकळणं कुठलं हे ओळखावं लागतं. तीनही व्यायामांत हात जोरात चालतात, पण घोटाळा प्रत्येकात वेगळा होतो.

सर्वात फसवी दोरी. मिनिटाला 120 ते 140 उड्या हा नेहमीचा वेग, आणि व्यायामातली नाडीही त्याच्याच आसपास असते. त्यामुळे घड्याळ उड्याच मोजू लागतं आणि आकडा तर अगदी खरा वाटतो. समजा, तुम्ही मिनिटाला 130 उड्या मारताय आणि घड्याळ 131 दाखवतंय. थांबल्याबरोबर मानेवर दोन बोटं हलकेच ठेवून 15 सेकंद मोजलं तर 39 ठोके भरले, म्हणजे मिनिटाला 156. थांबल्यावर नाडी लगेच उतरू लागते, म्हणून उड्या मारताना ती याहून थोडी जास्तच असणार. दुसरी खूण: वेग 110 वर आणा. आकडाही दोन-चार सेकंदांत 110 वर आला, तर घड्याळ दोरी मोजतंय. उड्या चालू असताना हृदय इतक्या झटकन उतरत नाही. घड्याळ दुसऱ्या हातात बांधूनही उपयोग नाही, कारण दोन्ही मनगटं सारखीच फिरतात.

रोइंग मशीनवर ही गल्लत सहसा होत नाही. मिनिटाला 24 स्ट्रोक आणि 150 ठोके यांत अंतर भरपूर आहे. इथे अडचण मुठीची. हँडल आवळून धरलं, मनगट मुडपलं, की सेन्सरखालचे स्नायुबंध ताणले जातात, घड्याळ कातडीपासून उचललं जातं आणि आकडा मध्येच कोसळतो. बोटं हुकासारखी वाकवून हँडल नुसतं अडकवा, मनगट सरळ ठेवा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, पट्टा एक भोक घट्ट.

बॅडमिंटनमध्ये रॅकेट नसलेल्या हातात घड्याळ बांधलं की बराच त्रास वाचतो. तरीही रॅली काही सेकंदांत संपते आणि घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं, म्हणून स्मॅशच्या वेळची चढण तुम्ही शटल उचलायला वाकता तेव्हा दिसते. तो आकडा बघून वेग सांभाळणं जमणार नाही.

ठरावीक नाडीवर वीस-तीस मिनिटं टिकून राहायचं असेल, तर आम्ही रोइंग मशीनच सुचवू. दोरीच हवी असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे मनगटाच्या हालचालीने फसत नाही. बांधण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या राहिल्या तर घाम येईपर्यंतची पहिली काही मिनिटं आकडे उगाच उड्या मारतात.