सायक्लेड्सचे दहा दिवस: सँटोरिनी आधी की शेवटी?

ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांवर दहा दिवस फिरायचं, दहाव्या दिवशी रात्री अथेन्सहून परतीचं विमान. बहुतेक जण पारोस, नाक्सोस आणि मग सँटोरिनी असा क्रम लावतात: तीन-तीन रात्री, दहाव्या सकाळी फेरी, रात्री विमान. दुसरा क्रम याच्या उलटा आहे. पहिल्याच दिवशी अथेन्सच्या पिरेयस बंदरातून थेट सँटोरिनी, मग नाक्सोस, मग पारोसला दोनच रात्री, आणि नवव्या दिवशी अथेन्समध्ये मुक्काम.

नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक पडतो तो मेल्टेमीमुळे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणारा हा वारा निरभ्र आकाशातही सुटतो आणि कधीकधी सलग काही दिवस थांबत नाही. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर अंदाज ८ ला, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला, की मोठ्या कार फेरीही बंदरातच थांबवल्या जातात. वेगवान कॅटामरान बोटी त्याआधीच बंद ठेवल्या जातात, त्यामुळे अंदाजात ७ दिसला तरी त्यांच्यावर भिस्त नको.

आता नवव्या दिवशी वारा चढला असं धरा. पहिल्या क्रमात तुम्ही सँटोरिनीला आहात, साध्या फेरीने पिरेयस आठेक तासांवर. बंदी दहाव्या दुपारी उठली तरी विमान गेलंच. शिवाय बंदी उठल्याबरोबर सगळं सुरळीत होत नाही. जहाज भलत्याच बंदरात अडकलेलं असतं आणि पहिल्या फेरीला अडकून पडलेल्यांची झुंबड उडते. दुसऱ्या क्रमात तुम्ही पारोसला असता. पिरेयस चारेक तासांवर, दिवसाला फेऱ्याही जास्त. दहाव्या दिवशी सकाळी बोट सुटली तरी रात्रीचं विमान गाठता येतं.

वारा सातव्या दिवशी आला तर? दुसऱ्या क्रमात नाक्सोसला एक रात्र जास्त काढायची आणि पारोस सोडून द्यायचं. नाक्सोसहूनही पिरेयसला थेट बोट असते. पारोसचं हॉटेल आयत्या वेळी रद्द करता येईल असंच घ्या, हे मात्र विसरू नका.

अथेन्सचा तो मुक्काम म्हणजे राखीव दिवस. तो मध्ये, नाक्सोसला ठेवायचा मोह होतो. पण वारा सहाव्या दिवसानंतर आला तर तो दिवस खर्च होऊन गेलेला असतो. शेवटी ठेवलेला दिवस आधीच्या कुठल्याही खोळंब्याला कामी येतो.

नुकसानभरपाईचंही बघून ठेवा. फेरी रद्द झाली तर युरोपीय नियमानुसार पैसे परत किंवा पुढची बोट मिळते, पण कारण धोकादायक हवामान असेल तर अडकलेल्या रात्रीचं हॉटेल कंपनीला द्यावं लागत नाही. ते खिशातून.

मी दुसराच क्रम घेईन. पहिल्याच दिवशी आठ तास बोटीत बसणं कंटाळवाणं आहे खरं, आणि तुमचं विमान सँटोरिनीहूनच सुटत असेल तर मात्र पहिला क्रमच बरा.