घटसर्प : रिपोर्टची वाट की लगेच अँटिटॉक्सिन?

धडगावच्या पाड्यावरची सहा वर्षांची पोर तिसऱ्या दिवशी नंदुरबारला आणली. घशात राखाडी पडदा, बोळा लागला की रक्त, मान सुजलेली. कल्चरची वाट पाहिली तर निदान पक्कं होतं, पण दोन-तीन दिवस जातात. तोवर पेशींत शिरलेलं विष अँटिटॉक्सिनने निघत नाही. लगेच दिलं तर ॲलर्जी उठू शकते, कारण अँटिटॉक्सिन घोड्याच्या सीरमचं असतं. त्यासाठी आधी चाचणी, हाताशी ॲड्रेनलिन. मी दुसऱ्या बाजूचा: स्वॅब घ्या, पेनिसिलिनसोबत अँटिटॉक्सिन सुरू करा. इतक्या उशिराला अँटिटॉक्सिनचा डोस ८०,००० युनिटच्या पुढे.

पडदा ओढू नका. श्वास घेताना आवाज आला, बरगड्या आत ओढल्या, की नळीची तयारी. घसा साफ झाला की आई घरी न्यायचं म्हणते, पण हृदय बहुधा दुसऱ्या आठवड्यात दगा देतं. ईसीजी चालूच ठेवा. घरच्यांनाही स्वॅब घेऊन रिपोर्टआधीच एरिथ्रोमायसिन, ७ ते १० दिवस.