शैक्षणिक कर्ज: सवलतीच्या शेवटच्या वर्षात व्याज भरायचं की साचू द्यायचं?

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला 2 लाख, असं एकूण 8 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी घेतलं. पदवी हाती येईपर्यंत सरळव्याजानेच 2 लाख साचलेले असतात. आता हप्ता सुरू व्हायला एक वर्ष आहे आणि नोकरी लागली आहे.

काहीच भरलं नाही, तर वर्षाअखेर आणखी 80 हजार चढतात. बँक सगळं व्याज मुद्दलात मिळवते, त्यामुळे 10.80 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता सुमारे 14,270 रुपये बसतो. खरी मेख इथेच आहे: यापुढे त्या साचलेल्या व्याजावरही व्याज लागतं.

दरमहा 6,667 रुपये भरले, तर मुद्दल 10 लाखांवर थांबतं आणि हप्ता 13,215 होतो. आज भरलेल्या 80 हजारांमुळे पुढचे जवळपास 1.27 लाख वाचतात. हाताशी तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर हाच पर्याय बरा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र आधी ती फेडा.

एक अडचण आहे. जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावट पहिल्यांदा व्याज भरल्याच्या वर्षापासून आठच वर्षं मिळते, म्हणजे लवकर भरलंत तर ती मुदतही लवकर सुरू होते. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, तेव्हा तिथे हा प्रश्न उरत नाही.